रोटकेपशेन ‘ती’ की ‘ते’?

लेक दुसरीत आहे. परवा रात्री झोपायच्या आधी ती लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट मोठ्यानं वाचत होती, ग्रिम बंधूंचीच, जर्मनमधनं, आणि तिसऱ्या का चौथ्या ओळीत एकदम थांबली. म्हणाली, “आई, रोटकेपशेन मुलगी आहे ना? मग इथे ‘एस’ का लिहिलंय?”

‘एस’ म्हणजे ‘ते’. मी म्हटलं, अगं तसंच असतं, शेवटी ‘शेन’ आहे ना, म्हणून. पण तिचा प्रश्न तेवढ्यावर मिटणारा नव्हता, कारण त्याच आठवड्यात शाळेत लिंग शिकवलं होतं. इथे जर्मनीत प्राथमिक शाळेत नपुंसकलिंगाला ‘झेशलिश’ म्हणतात आणि त्या शब्दात ‘झाखं’ आहे, म्हणजे वस्तू. पुरुषी, बायकी आणि वस्तूचं असे तीन रकाने वहीत आखलेले, आणि ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, हा शब्द तिला टेबल नि पुस्तकाच्या बरोबरचा... नाही, चुकले, टेबल जर्मनमध्ये पुल्लिंगी, पुस्तकाच्या बरोबरचा, तिसऱ्या रकान्यात लिहायला लागला होता. “मी वस्तू आहे का?” असं तिनं विचारलं नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं, आणि मला ते लागलं. आम्ही पुण्यात जर्मन शिकलो तेव्हा ‘डास’ हे नपुंसकलिंगी आर्टिकल लावून ‘डास मेडशेन’ पाठ केलं आणि पुढे गेलो. अठरा-एकोणीस वर्षांची होते मी, कॉलेजात, आणि आपल्याकडचा शब्द तर ‘नपुंसक’, तोही काही कमी बोचरा नाही, पण तेव्हा मार्कांपुढे काही सुचलं नाही.

म्हणून हे लिहितेय. तिला त्या रात्री जे नीट सांगता आलं नाही ते.

आधी ती गोष्टच घेते, कारण आम्ही राहतो कासेलमध्ये आणि या गोष्टींचा पहिला खंड १८१२ साली निघाला तेव्हा ग्रिम बंधू याच गावात राहत होते. त्या गोष्टीची सुरुवात पाहिली तर त्यात एक फार सुंदर सरकणं आहे. पहिल्यांदा म्हटलंय की एकदा एक छोटी गोड ‘डिर्ने’ होती. डिर्ने म्हणजे तेव्हाच्या भाषेत पोरगी, स्त्रीलिंगी शब्द, म्हणून लगेच पुढचं सर्वनाम ‘झी’, ती. (आज त्या शब्दाचा अर्थ वेश्या असा झालाय, त्यामुळे मुलांच्या नव्या पुस्तकांतून तो बहुतेक काढलेला असतो.) मग त्याच वाक्यात येतं की आजीला कळेना या ‘किंड’ला काय काय देऊ. किंड म्हणजे मूल, नपुंसकलिंगी, आणि तिथनं सर्वनाम बदलतं, आजीनं ‘ईम’, म्हणजे ‘त्याला’, लाल मखमलीची टोपी दिली. आणि टोपी इतकी शोभली की ‘एस’नं दुसरं काही घालायचंच सोडलं, म्हणून सगळे म्हणायला लागले ‘डास रोटकेपशेन’. काप्पे म्हणजे टोपी, ती स्त्रीलिंगी, तिला ‘शेन’ लागून झालं केपशेन, छोटीशी टोपी, नपुंसकलिंगी, आणि टोपीचं लिंग मुलीला मिळालं. दोन वाक्यांत ती मुलगी ‘ती’ची ‘ते’ होते, आणि होते ती आजीच्या मायेतून, नेमकी आजी लाड करायला लागते तिथे. पुढे लांडगा भेटतो, फुलं तोडते, तिथेही ती ‘एस’च राहते.

आता हे ‘शेन’ काय करतं ते सांगते. (मी ‘शेन’ लिहितेय पण तो श नाही, जीभ ‘य’ म्हणायच्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची, तो आवाज.) जर्मन शब्दाला मागून असा तुकडा जोडला की लिंग त्या तुकड्यावर ठरतं, आणि ‘-शेन’ आणि ‘-लाइन’ हे दोन तुकडे कायम नपुंसकलिंगी. पुढे काहीही असो. डेर हुंड, कुत्रा, पुल्लिंगी, पण डास ह्युंडशेन. डी काट्से, मांजर, स्त्रीलिंगी, पण डास केट्सशेन. याला अपवाद नाही, आणि जर्मन लिंग ज्यांनी रडत रडत पाठ केलंय त्यांना विचारा, अपवाद नसलेला नियम म्हणजे केवढी मोठी गोष्ट. दुसरं म्हणजे आतला स्वर बहुतेक वेळा वाकतो, हुंडचं ह्युंड होतं, हाउस म्हणजे घर त्याचं हॉइसशेन होतं, त्याला उमलाउट म्हणतात. अनेकवचनाला काही लागत नाही, एक मेडशेन, दहा मेडशेन, फक्त आर्टिकल बदलतं. आणि कुठल्याही शब्दाला हे चिकटत नाही, ‘वोनुंग’ म्हणजे फ्लॅट, त्याला शेन लावून कुणी बोलत नाही, तिथे सरळ ‘छोटा फ्लॅट’ म्हणायचं.

मग मेडशेन कुठनं आलं? मूळ शब्द ‘माग्ड’, जुन्या भाषेत कुमारिका, तरुण मुलगी. स्त्रीलिंगी. त्याला ‘शेन’ लागून झालं मेग्डशेन, बोलता बोलता मधला ग गळाला आणि राहिलं मेडशेन. तिकडे माग्ड शब्दाचा अर्थ घसरत घसरत मोलकरीण, शेतावरची कामकरीण असा झाला, आणि मग मुलीला म्हणायला फक्त ते लाडाचं रूप उरलं. मुलाला मात्र ‘युंगं’ हा साधा, पूर्ण, पुल्लिंगी शब्द आहे. मला खरंच टोचतं ते इथे. नपुंसकलिंग एक वेळ राहू दे, पण मुलीसाठीचा रोजचा शब्द कायमचा छोटा, मुलासाठीचा नाही, आणि आज बोलणाऱ्या कुणाला तो छोटा वाटतही नाही. छोटी मुलगी म्हणायची तर जर्मन माणूस ‘क्लाइनेस मेडशेन’ म्हणतो, पुन्हा वेगळं ‘छोटं’ लावतो.

‘शेन’ची ही शेपटी जिवंत आहे की मेली हे ओळखायची माझी एक युक्ती आहे, शब्दाला ‘मोठं’ लावून बघायचं. बेकरीत मोठं ब्र्योटशेन सर्रास मागता येतं, ब्रोट म्हणजे पाव, त्याचं हे रूप, पण आता तो आपल्या बनपावासारखा वेगळा पदार्थच झालाय, छोटेपण त्यात उरलेलं नाही. मोठी मुलगी, मोठं मेडशेन, हेही चालतं. पण मोठं ह्युंडशेन म्हटलं की ऐकणारा थबकतो, कारण तिथे ‘शेन’ अजून आपलं काम करतंय.

सर्वनामाची भानगड मात्र मेडशेनमध्ये जिवंत आहे. लेकीच्या वहीत दोन वाक्यं होती. पहिलं, ‘मुलीनं तिचं जाकीट हरवलं’, तिथे तिनं ‘ईरं’, म्हणजे ‘तिचं’, लिहिलं होतं आणि बाईंनी गोल करून ‘झाइनं’, म्हणजे ‘त्याचं’, केलं होतं. दुसरं, ‘ती रडते’, तिथे ‘झी’ लिहिलं होतं आणि त्याला बरोबरची खूण होती. ती गोंधळली, एकीकडे चूक, एकीकडे बरोबर, मुलगी तीच. खरं तर हे अंतराचं गणित आहे. शब्दाला अगदी लगटून जे येतं, म्हणजे आर्टिकल, विशेषण, ‘जी’ ‘जे’ हे जोडणारं सर्वनाम, ते व्याकरणाच्या लिंगानं जातं, तिथे सूट नाही, ‘डास मेडशेन, डी...’ असं कुणीच म्हणत नाही. त्याच वाक्यात थोडं पुढे ‘तिचं’ आलं तर कडक मास्तर ‘झाइनं’ मागतात, पण बोलताना आणि लिहितानाही लोक सहज ‘ईरं’ म्हणतात. आणि वाक्य संपून दुसरं सुरू झालं की खरी मुलगी डोळ्यांसमोर येते, मग ‘झी’. शब्दापासनं जितकं लांब जाल तितकी ती माणूस होत जाते, असं मी लेकीला सांगितलं आणि तिला ते पटलं बहुतेक, कारण तिनं वहीत दोन्ही वाक्यांच्या मध्ये बोटांनी अंतर मोजून पाहिलं.

पण मग मी तिला एक गोष्ट दाखवली जी मला स्वतःलाच इतक्या वर्षांत दिसली नव्हती. म्हटलं, तू दमून सोफ्यावर झोपलीस की मी बाबाला काय सांगते? “लेकरू दमलंय.” दमलीये नाही, दमलंय. लेकरू, बाळ, मूल, पिल्लू, पाखरू, वासरू, कोकरू, आपल्याकडे जे जे लहान नि जिवंत ते सगळं ‘ते’च तर आहे. आपण मराठीत वस्तू लहान करायची तर तिला बाई करतो, लोट्याची लोटी, सुऱ्याची सुरी, गाड्याची गाडी, पण जीव लहान असला की तो ‘ते’ होतो. पोरगं म्हटलं की माया, आणि रागावलं की तेच कार्टं होतं, तेही नपुंसकलिंगीच. जर्मनला फक्त आपल्यासारखी दोन खाती नाहीत, वस्तू असो की जीव, लहान झाला की ‘डास’.

आणि यावर नवऱ्यानं, जो मडगावचा आहे, आतल्या खोलीतनं ओरडून भर घातली की आमच्याकडे तर मुलगी मोठी झाली तरी ‘तें’च असते. खरंच आहे. सासूबाई कोकणीत बोलतात तेव्हा तरुण पोरीला ‘तें’ म्हणतात, ‘तें आयलें’, ते आलं, आणि वयानं मोठ्या बाईला ‘ती आयली’. लग्न होऊन गेले तेव्हा पहिले काही महिने फोनवर माझ्याबद्दल ‘तें’ ऐकून मला वाटायचं की या दुसऱ्याच कशाबद्दल बोलताहेत, भांड्याबिंड्याबद्दल, आणि मग कळलं की तें म्हणजे मी, आणि ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं. जर्मनीच्या शेजारी लक्झेंबर्गमध्येही हेच आहे. तिथल्या भाषेत बाईचं नुसतं पाळण्यातलं नाव घेतलं की ती नपुंसकलिंगी, ‘हाट’, ते, आणि ‘मादाम’ लावून आडनावानं बोलावलं की स्त्रीलिंगी. जवळची ती ‘ते’, लांबची ती ‘ती’. गोव्यातल्या सासूबाई आणि लक्झेंबर्गमधली एखादी आजी एकमेकींचं अवाक्षर समजणार नाहीत पण हे एक समजेल.

एवढं सगळं गोड वाटत असलं तरी ‘शेन’ नेहमी गोड नसतं, आणि हे मी ऑफिसात शिकले. इथे लोक आपल्या स्वतःच्या गोष्टींना शेन लावून त्यांचं ओझं कमी करतात. एक ‘पॉइसशेन’ घेऊया, म्हणजे जरासा ब्रेक. एक ‘बिअरशेन’ होऊन जाऊ दे, ग्लास तेवढाच अर्ध्या लिटरचा असतो पण मनाला तो छोटा करायचा असतो. ‘ष्ट्युंडशेन’, तासभर, पण न कंटाळता सरलेला तास. मला हे फार आवडलं, आपल्या ‘जरासं’, ‘चहाबिहा’सारखं मवाळ. म्हणून एकदा मीटिंगमध्ये एका सहकाऱ्यानं आठवडाभर खपून केलेल्या व्हिडिओबद्दल मी कौतुकानं म्हटलं, तुमचं ‘फिल्मशेन’ छान झालंय. मला म्हणायचं होतं छोटासा गोड व्हिडिओ. तो हसला नाही. “फिल्मशेन,” एवढंच म्हणाला आणि लॅपटॉप बंद केला. नंतर दुसऱ्या एकीनं मला किचनमध्ये नीट सांगितलं की फिल्मशेन म्हणजे असला-तसला, दोन दमड्यांचा व्हिडिओ. स्वतःच्या अडचणीला ‘प्रोब्लेमशेन’ म्हणालात तर ती नम्रता, समोरच्याच्या अडचणीला म्हणालात तर त्याला उडवून लावलं. मी त्या सहकाऱ्याची माफी मागितली, आणि त्यालाही बरं वाटलं असावं, पण तो शब्द माझ्या तोंडातनं गेला तो गेलाच.

तसंच ‘फ्रॉइंडशेन’. फ्रॉइंड म्हणजे मित्र, त्याचं लाडकं रूप म्हणजे जिवलग मित्र असेल असं कुणालाही वाटेल. पण ट्राममध्ये एखादा म्हातारा एखाद्या पोराला “फ्रॉइंडशेन!” म्हणाला की समजायचं, आता पुढे दम आहे. आपण ‘काय रे बाळा, फार झालं का’ म्हणतो ना, त्या बाळासारखं. मोठ्या माणसाला लहान करणं ही माया असते किंवा धमकी, आणि कुठली ते बोलणाऱ्याच्या आवाजातनंच कळतं, शब्दातनं कळत नाही.

‘लाइन’बद्दल थोडंच, कारण रोजच्या बोलण्यात तो कमीच. ‘शेन’ उत्तरेकडनं आणि मधल्या पट्ट्यातनं आलेला आणि ‘लाइन’ दक्षिणेकडचा, ल्यूथरच्या बायबलमध्ये लाइनच जास्त, म्हणून अजून चर्चमध्ये, पाळण्यांत, परीकथांत तो ऐकू येतो आणि कानाला जुना, सणासुदीचा वाटतो. दक्षिणेत बोलीत त्याचंच ‘ले’ झालं, स्वित्झर्लंडमध्ये ‘ली’, आपण नाश्त्याला खातो ती म्युसली म्हणजे छोटीशी लापशीच, आणि श्टुटगार्टकडची ‘श्पेट्सले’ म्हणजे चिमण्या, पिठाच्या. फक्त एका ठिकाणी लाइन काव्यासाठी नाही तर जिभेच्या सोयीसाठी येतो. बूख म्हणजे पुस्तक, त्याला शेन लावलं तर ख नि श एकमेकांवर आपटतात, म्हणून ‘ब्यूशलाइन’. तिथे लाइन ऐकून हळवं व्हायचं कारण नाही.

पण एका लाइनमागे मोठा इतिहास आहे, आणि तो आमच्या जिन्यात राहतो.

खालच्या मजल्यावर एक बाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, लग्न केलं नाही. लेक त्यांना खालची आजी म्हणते. त्यांच्या तरुणपणी लग्न न झालेल्या प्रत्येक बाईला ‘फ्रॉइलाइन’ म्हणायचे, फ्राउ म्हणजे बाई, तिला लाइन लावून. मुळात तो मानाचा शब्द, घरंदाज, सरदार घराण्यातल्या मुलीसाठी. गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकात (पहिला भाग १८०८ सालचा) फाउस्ट रस्त्यात ग्रेटशेनला फ्रॉइलाइन म्हणून हाक मारतो आणि ती ताडकन सांगते की मी फ्रॉइलाइनही नाही नि सुंदरही नाही, माझी मी घरी जाऊ शकते. त्या उत्तरात विनय आहे पण सरळ वस्तुस्थितीही आहे, ती साध्या घरची होती. पुढे तो शब्द उतरत उतरत सगळ्या अविवाहित बायकांना लागला, शिक्षिकांना, टायपिस्टांना, आणि हॉटेलात वेट्रेसला बोलवायला तर वय, लग्न काही न बघता नुसतं “फ्रॉइलाइन!” पुरुषाला असं काही नव्हतं. तो लग्नाआधीही ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, आणि नंतरही ‘हेर’. छोटा हेर म्हणून कुणी त्याच्या नावानं पाकीट पाठवत नव्हतं.

१९७२ साली पश्चिम जर्मनीच्या गृहखात्यानं ठरवलं की सरकारी पत्रव्यवहारात प्रत्येक प्रौढ बाईला फ्राउच लिहायचं, लग्न झालेलं असो नसो. खालच्या आजी तेव्हा तिशीच्या आतबाहेर. त्यांनी मला सांगितलं की पहिल्यांदा तसं पाकीट आलं, वर फ्राउ आणि पुढे आपलं नाव, तेव्हा त्यांना वाटलं हे आईचं पत्र आहे, आणि त्यांनी ते न फोडता आईच्या टेबलावर ठेवून दिलं. दोन दिवस ते तिथेच होतं. मग आईनं चष्मा लावून पत्ता वाचला आणि म्हणाली, हे तुझं आहे.

मी त्यांना विचारलं, मग लोक लगेच बदलले का? तर नाही, बेकरीत, डॉक्टरकडे पुढची कितीतरी वर्षं फ्रॉइलाइन चालूच होतं, आणि आज मात्र तो शब्द कुणी मोठ्या बाईला वापरला तर तो जुनाट किंवा उद्धट वाटतो. उरलाय तो फक्त हट्टी पोरींना दटावायला. लेकीनं जिन्यात सायकल आडवी लावली की खालच्या आजीच म्हणतात, “माइन फ्रॉइलाइन!” आणि लेक मुकाट्यानं ती उचलते.

आजींकडे एक डॅक्सहुंड आहे, म्हातारा, पाठीनं लांब, त्याला जिने चढवत नाहीत. कुत्रा पाळणाऱ्या बाईला जर्मनमध्ये ‘फ्राउशेन’ म्हणतात, कुत्र्याच्या बाजूनं बघून, आणि पुरुष असेल तर ‘हेरशेन’. तेच फ्राउ, पण इथे उमलाउट नाही, फ्रॉइशेन नाही, फ्राउशेन. काल संध्याकाळी आम्ही शाळेतनं येत होतो आणि आजी खालच्या पायरीवर उभ्या राहून त्याला बोलावत होत्या, “कोम त्सू फ्राउशेन.” लेक थांबली. तिच्या डोक्यात तीन रकाने अजून ताजे होते. जर्मनमधनंच तिनं विचारलं, म्हणजे हा ‘डेर’ आणि तुम्ही ‘डास’?

मी जराशी दचकले, त्यांना काय वाटेल म्हणून. पण आजींनी विचार केला, खरंच उभं राहून विचार केला, आणि म्हणाल्या, “याच्यापुरती मी डास. टपालवाल्यापुरती नाही.” मग वाकून त्यांनी त्याला दोन्ही हातांनी पोटाखालनं उचललं, लेकीनं त्यांची भाजीची पिशवी घेतली, आणि तिघं वर गेले.